हॉब्स, लॉक, रूसो: करार मोडला हे ठरवणार कोण?

प्रश्न: मी खानापूरचा, बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. ‘हॉब्स, लॉक व रूसो यांच्या सामाजिक करार सिद्धांतांची तुलना करा’ असा निबंध द्यायचा आहे. तिघांचंही सगळं लिहिलं, तक्ता पण काढला, तरी सर म्हणाले, ‘ही तुलना नाही, तीन टिपा आहेत.’ मग तुलना म्हणजे नक्की लिहायचं काय? आपल्या सीमाप्रश्नाचं उदाहरण घातलं तर चालेल का? आणि शेवटी रॉल्स घालू का?

उत्तर:

सरांचं म्हणणं खरं आहे. मी बेळगावात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवते आणि असले निबंध गठ्ठ्यांनी तपासते, त्यामुळे तुझा निबंध न बघताही त्यात काय असेल याचा अंदाज येतो. आधी हॉब्सचा जन्म, मग त्याची निसर्गावस्था, म्हणजे राज्यच नसतानाची माणसांची स्थिती, मग करार, सार्वभौम सत्ता, टीका. त्याच क्रमाने लॉक, त्याच क्रमाने रूसो, आणि शेवटी तक्ता. यातली माहिती बहुधा बरोबरच असते. पण हॉब्सची निसर्गावस्था तशी आहे म्हणून त्याची सत्ता अशी आहे, हा सांधा तक्त्यात दिसत नाही. रकाने शेजारी शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. परीक्षक तोच सांधा शोधत असतो.

तेव्हा तिघांबद्दल सगळं सांगायचा नाद सोड आणि तिघांना एकच प्रश्न विचार. कोणता, ते थोडं तुझ्यावर आहे. दहा गुणांचं उत्तर असेल तर एकाच प्रश्नावर दोन पानं भरतात, लांब असाइनमेंट असेल तर त्याला एखादा उपप्रश्न जोडता येतो. शिकवताना सरांनी मालमत्तेवर भर दिला असेल तर मालमत्तेचा प्रश्न घे, स्वातंत्र्यावर दिला असेल तर तो घे. मला स्वतःला जो प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो तो असा: राज्यकर्त्याने करार मोडला, असं म्हणायचा अधिकार कोणाला? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना निसर्गावस्था, करारातले पक्ष, काय दिलं आणि काय राखलं, हे सगळं आपोआप येतं, आणि कामाला लागूनच येतं.

हॉब्सपासून सुरू करू. ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये निघालं. त्याआधी १६४२ पासून इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं होतं, आणि जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. हॉब्स स्वतः १६४० मध्येच पॅरिसला निघून गेला होता. गाइडात यावरून एवढंच लिहितात की तो भित्रा होता, म्हणून त्याला कडक राजा हवा होता. खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. त्या युद्धात दोन्ही बाजू म्हणत होत्या की कायदा आमच्या बाजूने आहे, आणि दोघांच्या वर बसून निवाडा करणारा कोणीच नव्हता. हॉब्सची सगळी मांडणी या एका अडचणीभोवती फिरते.

त्याच्या निसर्गावस्थेबद्दल ‘माणूस स्वभावतः दुष्ट आहे असे हॉब्स मानतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पेपरात सापडतं. ते काढून टाक. तेराव्या प्रकरणात तो भांडणाची तीन कारणं देतो: स्पर्धा, अविश्वास आणि मानाची हाव. यातलं मधलं कारण नीट बघ. मी कितीही भला माणूस असलो, तरी समोरचा माझ्यावर चालून येणार नाही याची खात्री देणारं कोणी नसेल, तर त्याच्या आधी हात उचलणं हेच शहाणपणाचं ठरतं. आणि सगळ्यात दुबळा माणूसही झोपेत किंवा चौघांच्या मदतीने सगळ्यात दांडग्याला मारू शकतो, म्हणून कोणीच निर्धास्त नाही. युद्ध होतं ते माणसं राक्षस असतात म्हणून नव्हे, निवाडा करणारा नसतो म्हणून.

आता त्याचा करार. तो माणसामाणसांत होतो: तू तुझा स्वतःवर राज्य करण्याचा हक्क या माणसाला किंवा या सभेला दे, मीही देतो, आणि त्याची प्रत्येक कृती आपलीच मानू. सार्वभौम या करारात पक्ष नाही. का नाही, हे अठराव्या प्रकरणात आहे, आणि तो युक्तिवाद निबंधात आला की परीक्षकाला कळतं की मूळ पुस्तक उघडून पाहिलेलं आहे. सार्वभौमाने करार करायचा तर कोणाशी? सगळ्या लोकांशी मिळून करता येत नाही, कारण करार होईपर्यंत ‘सगळे लोक’ अशी एक व्यक्तीच नसते, नुसती गर्दी असते. एकेकाशी वेगळा करायचा तर सार्वभौम झाल्यावर ते करार पोकळ ठरतात, कारण तो जे करील ते आपल्याच नावाने करील असं प्रत्येकाने आधीच कबूल केलेलं असतं. आणि एकाने म्हटलं करार मोडला, दुसऱ्याने म्हटलं नाही मोडला, तर निवाडा कोण करणार? कोणीच नाही. म्हणजे पुन्हा तलवार. थोडक्यात, ‘करार मोडला’ हे वाक्यच हॉब्सच्या राज्यात कोणाला उच्चारता येत नाही.

म्हणून प्रजेला काहीच उरत नाही असंही लिहू नकोस. एकविसाव्या प्रकरणात तो स्पष्ट म्हणतो की सार्वभौमाने मला स्वतःला ठार मारायला किंवा जखमी करायला सांगितलं तर मी नकार देऊ शकतो, आणि सार्वभौमाकडे संरक्षण करायची ताकद आहे तोवरच माझी बांधिलकी टिकते. जीव वाचवायला तर करार केला. तो जीवच जाणार असेल तर करार कसला? पण हा नकार एकट्याचा, स्वतःच्या जिवापुरता आहे. त्यावरून सार्वभौम अन्यायी आहे असा निकाल देता येत नाही. जीव वाचवायला पळणं वेगळं आणि न्यायाधीश होणं वेगळं.

लॉककडे वळताना मुलं लगेच लिहितात की लॉकची निसर्गावस्था शांततेची होती. हे अर्धवट आहे. लॉक म्हणतो की निसर्गावस्थेतही निसर्गनियम असतो आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा करायचा अधिकार प्रत्येकाला असतो. अडचण अशी की प्रत्येकजण स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होतो आणि स्वतःला झुकतं माप देतो. म्हणून तो तीन उणिवा मोजतो: ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला कायदा नाही, निःपक्ष न्यायाधीश नाही, निकाल अंमलात आणणारी ताकद नाही. मधली उणीव बघ. न्यायाधीश नसणं ही हॉब्सचीच अडचण! दोघे एकाच खड्ड्यापाशी उभे आहेत. हे वाक्य तुझ्या निबंधात आलं की तिथून खरी तुलना सुरू होते, कारण आता विचारता येतं की एकाच अडचणीवर दोघांनी वेगळे उपाय का काढले.

लॉकचा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी लोक एकमेकांशी करार करून एक समाज बनतात, आणि त्याला प्रत्येकाची संमती लागते. मग त्या समाजाचं बहुमत सरकार नेमतं. गाइडवाले याला ‘लॉकचे दोन करार’ म्हणतात. तू जपून लिही. सरकारशी जे नातं आहे त्याला लॉक विश्वस्ताचं नातं मानतो. देवस्थानच्या जमिनीचा ट्रस्टी जमिनीचा मालक नसतो. ज्या कामासाठी नेमला ते काम सोडून तो जमीन गिळू लागला तर त्याचा अधिकार संपतो. लॉकचं सरकार तसंच आहे. लोकांचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखायला ते नेमलं, त्यावरच ते उठलं तर सत्ता लोकांकडे परत येते.

आता आपला प्रश्न: विश्वास मोडला हे ठरवणार कोण? ‘शासनावरील दोन निबंध’ या ग्रंथातल्या ‘दुसऱ्या निबंधा’च्या अगदी शेवटी लॉक हाच प्रश्न विचारतो आणि उत्तर देतो: लोक. हॉब्स यावर म्हणाला असता की लोक न्यायाधीश झाले की झालंच, पुन्हा यादवी. लॉकने त्याची तजवीज एकोणिसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच करून ठेवली आहे. समाज मोडणं वेगळं आणि सरकार मोडणं वेगळं, असं तो म्हणतो. सरकार पडलं तरी पहिल्या पायरीवर बनलेला समाज शिल्लक राहतो आणि तो नवं सरकार नेमू शकतो. हॉब्सकडे ही मधली पायरीच नाही. त्याच्या मते सार्वभौम नसेल तर लोक ‘एक’ उरत नाहीत, पुन्हा गर्दी होते. सगळा फरक इथे आहे. माणूस चांगला की वाईट यावर तो फारसा अवलंबून नाही. निबंधात हा एक मुद्दा नीट उलगडलास, तर तक्त्यातल्या बाकी रकान्यांपेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

लोक उठसूट बंड करतील या भीतीवरही लॉकचं उत्तर आहे. लोक बारीकसारीक चुका, गैरसोयीचे कायदे निमूट सोसतात. एकाच दिशेने जाणाऱ्या जुलुमांची लांबलचक मालिका दिसू लागली तरच ते उठतात. आणि निरंकुश राजा हवा म्हणणाऱ्यांना तो टोमणाही मारतो: मुंगसा-कोल्ह्यांपासून बचाव व्हावा म्हणून सिंहाच्या जबड्यात जाऊन बसण्याइतके लोक मूर्ख आहेत का? हा टोमणा हॉब्सला लागू पडतो खरा, पण लॉकने नाव घेऊन ज्याचं खंडन केलं तो राजाची सत्ता देवाने दिलेली मानणारा रॉबर्ट फिल्मर होता. ‘लॉकने हॉब्सला उत्तर म्हणून ग्रंथ लिहिला’ असं बेधडक लिहू नकोस. ‘१६८८ च्या क्रांतीचं समर्थन करायला लिहिला’ हेही अर्धंच खरं आहे. पुस्तक १६८९ च्या अखेरीस बाहेर आलं आणि प्रस्तावनेत त्या क्रांतीने गादीवर आलेल्या विल्यम राजाचं समर्थनही आहे, पण बराचसा मजकूर त्याआधीच लिहून झालेला होता.

रूसोपाशी मुलं सगळ्यात जास्त घसरतात, कारण तो वरवर लॉकचा पुढचा भाग वाटतो. आधी राजा, मग पार्लमेंट, मग जनता, अशी चढती भाजणी पाठ्यपुस्तकात छान दिसते. प्रत्यक्षात ‘सामाजिक करार’ (१७६२) वाचताना हॉब्सचीच आठवण जास्त येते. रूसोच्या करारात प्रत्येकजण स्वतःला आणि स्वतःचे सगळे हक्क पूर्णपणे देऊन टाकतो. लॉकसारखं काही राखून ठेवत नाही. का? काही हक्क राखले तर ते मोडले की नाही हे ठरवायला व्यक्ती आणि समाज यांच्या वर कोणीतरी तिसरा लागेल, आणि तो नाही. प्रत्येकजण स्वतःच न्यायाधीश होईल. हा अक्षरशः हॉब्सचा युक्तिवाद आहे. फरक पुढे पडतो: हॉब्स सगळं एका बाहेरच्या माणसाला किंवा सभेला देतो, रूसो ते सगळ्यांनी मिळून बनलेल्या समूहालाच देतो. प्रत्येकजण सगळ्यांना देतो, म्हणजे कोणा एकाला देत नाही.

त्यामुळे रूसोकडे आपला प्रश्न दोन ठिकाणी फुटतो. सरकारने करार मोडला का? हा प्रश्नच त्याला मान्य नाही, कारण सरकारशी करार झालेलाच नसतो. तिसऱ्या भागाच्या सोळाव्या प्रकरणात तो म्हणतो की राज्यात करार एकच, एकत्र येण्याचा. सरकार हे लोकांनी नेमलेलं चाकर आहे, हवं तेव्हा बदलावं. कसं, तेही त्याने सांगितलंय. लोकांची सभा ठरावीक काळाने आपोआप भरावी आणि प्रत्येक सभेची सुरुवात दोन प्रश्नांनी व्हावी: सध्याची सरकारची पद्धत ठेवायची का, आणि सध्या कारभार करणारी माणसं ठेवायची का? लॉकच्या लोकांना जुलमाची मालिका सोसून बंड करावं लागतं. रूसोच्या लोकांना सभेला यावं लागतं. लॉकचा उठाव अपवाद आहे, रूसोचा फेरविचार कामकाजाचा भाग आहे. प्रतिनिधींवर त्याचा विश्वास नव्हता तो याच कारणाने. इंग्रज स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आणि सरकारने लोकांची सार्वभौम सत्ताच बळकावली तर? मग करार तुटतो आणि लोक आज्ञा पाळतात ते बळापुढे, कर्तव्य म्हणून नव्हे.

पण समूहानेच एखाद्या सभासदावर अन्याय केला तर? इथे रूसो जवळजवळ हॉब्सइतकाच बंद दरवाजा आहे. सार्वभौमाने प्रजेला हमी द्यायची गरज नाही, कारण शरीर आपल्याच सगळ्या अवयवांना इजा करू इच्छिणार नाही, असं तो म्हणतो. जो सामूहिक ईहेला, म्हणजे सगळ्यांचं हित पाहणाऱ्या समूहाच्या इच्छेला, नकार देईल त्याला ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल’. मतदानात हरलेल्याने समजावं की सामूहिक ईहा काय आहे हे ओळखण्यात आपली चूक झाली. हे वाचून अंगावर काटा येत असेल तर तो येऊ दे, फक्त तिथेच थांबू नकोस. रूसोने दोन कुंपणं घातली आहेत. समाजाला ज्याचा उपयोग नाही असं ओझं सार्वभौम कोणावर लादू शकत नाही, आणि सामूहिक ईहा फक्त सगळ्यांना लागू होणारा कायदा करू शकते. नाव घेऊन एका माणसाबद्दल निर्णय द्यायला लागली की ती सामूहिक राहत नाही. ही कुंपणं पुरेशी आहेत का, हा तुझ्या निबंधातल्या मतप्रदर्शनाचा भाग. मला विचारशील तर पुरेशी नाहीत, कारण कुंपण ओलांडलं का हे पुन्हा समूहच ठरवतो.

आता हे सगळं एका प्रसंगावर लावून बघू. वर्गात मी जमीन संपादनाचा प्रसंग घेते, कारण शहराभोवतीच्या रस्त्यांसाठी भाताची पिकाऊ जमीन जाणं हे आपल्या भागात प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. समज, सरकारने रस्त्यासाठी एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन घ्यायचं ठरवलं. शेतकरी म्हणतो, माझी संमती नाही.

हॉब्स म्हणेल, तुझी मालकी शेजाऱ्याविरुद्ध चालते, सार्वभौमाविरुद्ध नाही. चोविसाव्या प्रकरणात हे जवळपास याच शब्दांत आहे. सार्वभौम नव्हता तेव्हा ‘माझं-तुझं’ नव्हतंच. ज्याच्यामुळे सातबारा आला त्यालाच सातबारा दाखवून थांबवता येत नाही.

लॉक शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहील अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि सुरुवात तो तशीच करतो. सर्वोच्च सत्तेलाही माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या मालमत्तेचा कणभर भाग घेता येत नाही. तोफेच्या तोंडी जायचा हुकूम देणारा अंमलदार सैनिकाच्या खिशातला एक पैसा मागू शकत नाही, हे उदाहरणही तो देतो. पण थोडं पुढे, कराबद्दल बोलताना, ‘स्वतःची संमती’ म्हणजे बहुमताची संमती, ती लोकांनी थेट किंवा प्रतिनिधींमार्फत दिलेली, असा खुलासा येतो. तो इथे लावला तर विधिमंडळाने रीतसर कायदा केलेला असेल तिथे शेतकऱ्याची बाजू बरीच पातळ होते. त्याचा ‘नाही’ टिकतो तो अधिकाऱ्याने कायद्याबाहेर जाऊन, मनमानीने जमीन घेतली तर. आपल्या संविधानातल्या कलम ३००-अ मध्ये कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही असं म्हटलंय, ते लॉकच्या या दुसऱ्या बाजूच्या जवळ जातं.

रूसो म्हणेल की प्रत्येकाच्या जमिनीवरचा हक्क समाजाच्या हक्काखाली येतो, म्हणजे तत्त्वतः घेता येते. पण रस्त्यासाठी जमीन कशी घ्यावी याचा नियम सगळ्यांना सारखा हवा. या शेतकऱ्याचीच जमीन घ्या, हा निर्णय सामूहिक ईहेचा नव्हे, सरकारचा. एकदा एका बाजूला तो शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे अशी वाटणी झाली की तो साधा तंटा झाला, आणि तंट्यात एका पक्षाने स्वतःला सामूहिक ईहा म्हणवून घेऊ नये.

पाहिलंस? ‘हॉब्स हुकूमशाहीवादी, लॉक उदारमतवादी, रूसो लोकशाहीवादी’ या पाट्यांनी यातलं काहीच सांगता आलं नसतं. पाटीवरून लॉकने शेतकऱ्याला पूर्ण संरक्षण द्यायला हवं होतं आणि रूसोने काहीच नाही. प्रत्यक्षात रूसोचा ‘नियम सर्वांना सारखा’ हा आक्षेप शेतकऱ्याच्या जास्त कामी येऊ शकतो.

लिहायच्या क्रमाबद्दल. पहिल्या परिच्छेदात चरित्र नको, प्रश्न आणि तुझं उत्तर दे. मी लिहिलं असतं तर असं काहीसं:

‘सत्ता संमतीतून येते हे तिघांनाही मान्य आहे, आणि व्यक्ती व सत्ता यांच्यात निवाडा करणारा तिसरा कोणी नाही ही अडचणही तिघांसमोर आहे. हॉब्स ती अडचण निवाड्याचा प्रश्नच बंद करून सोडवतो, लॉक समाज आणि सरकार यांना वेगळे करून लोकांना न्यायाधीश करतो, आणि रूसो लोकांनाच सार्वभौम करून सरकारपुरता प्रश्न मिटवतो, पण समूहापुढे व्यक्तीला एकटे सोडतो. हक्कांच्या हस्तांतरणाबाबत रूसो हॉब्सच्या जवळ आहे, सरकारच्या स्थानाबाबत लॉकच्या.’

पुढचे परिच्छेद विचारवंतांवर नको, मुद्द्यांवर पाड. एकात करार कोणाकोणात, दुसऱ्यात काय दिलं आणि काय राखलं, तिसऱ्यात निवाडा कोणाचा. लिहून झालं की पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदातल्या नावांखाली रेघ मार. ज्या परिच्छेदात एकच नाव आलं तो परिच्छेद टीप झालाय, तो मोडून पुन्हा लिही. ‘याउलट’ हा शब्दही तपास. त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत का? ‘हॉब्सने राजेशाहीचे समर्थन केले, याउलट लॉकने मालमत्तेला महत्त्व दिले’ यात उलट असं काहीच नाही. दहा गुणांना वेळ अपुरा पडला तर जन्मसाली आणि ग्रंथांची यादी गाळ, निवाड्याचा परिच्छेद गाळू नकोस.

सीमाप्रश्नाचं उदाहरण. चालेल की नाही हे थोडं पेपर कोण तपासणार यावर आहे, ते आपण सगळे जाणतो. पण तो भाग बाजूला ठेवला तरी इथली मुलं हे उदाहरण बहुतेक वेळा चुकीच्या जागी लावतात. ‘१९५६ ला आमची संमती घेतली नाही, म्हणून करार मोडला’ असं लिहितात. या तिघांचा करार राज्यसंस्था निर्माण करण्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा भारत ही राज्यसंस्था होती तशीच राहिली. प्रांताची हद्द बदलली. लॉकच्या भाषेत समाजही मोडला नाही आणि सरकारचा विश्वासघात झाला की नाही हा वेगळाच वाद. मूक संमतीनेही काम होत नाही. लॉकच्या मते नुसत्या हमरस्त्यावरून प्रवास करणाराही त्या राज्याच्या कायद्याला मूक संमती देतो. इतकी स्वस्त संमती कोणती हद्द बरोबर हे काय सांगणार? १७४८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने याच संमतीवर बोट ठेवलं होतं: झोपेत असताना ज्याला जहाजावर आणून टाकलं, तो समुद्रात उडी मारत नाही म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली, असं म्हणायचं का?

मात्र एका जागी हे उदाहरण फार नेमकं बसतं. लॉक म्हणतो बहुमताने ठरवावं, रूसो म्हणतो सामूहिक ईहेने. पण बहुमत कोणत्या समूहाचं? महाराष्ट्राची मागणी खेडं हा घटक धरून, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा पाहून हद्द ठरवावी अशी होती. घटक म्हणून खेडं घेतलं तर एक उत्तर येतं, तालुका घेतला तर वेगळं येऊ शकतं, जिल्हा घेतला तर आणखी वेगळं. घटक कोणता घ्यायचा हे मतदानाने ठरवायचं म्हटलं तर मतदान कोणी करायचं, हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. करार करणारे ‘लोक’ कोण, हे करार होण्याआधीच ठरलेलं असावं लागतं, आणि ते कसं ठरलं हे तिघांपैकी कोणीच नीट सांगत नाही. हॉब्सचा ‘गर्दी’वाला मुद्दा त्यातल्या त्यात याच्या जवळ येतो. टीकेच्या भागात हे पाच-सहा ओळींत, कोणत्याही राज्याची वकिली न करता लिहिलंस तर परीक्षक कुठलाही असो, तो मुद्दा राज्यशास्त्राचाच राहील.

वाचायचं असेल तर पूर्ण ग्रंथांच्या मागे लागू नकोस. ‘लेव्हायथन’ची १३, १७, १८ आणि २१ ही प्रकरणं, लॉकच्या ‘दुसऱ्या निबंधा’तली निसर्गावस्थेचं दुसरं, शासनाच्या हेतूंचं नववं आणि शेवटचं एकोणिसावं, रूसोच्या पहिल्या भागातली सहावं-सातवं आणि तिसऱ्या भागातली पंधरा ते अठरा. एवढं गाइड न उघडता आधी वाच.

रॉल्स नको. त्याचा १९७१ चा ग्रंथ करारपरंपरेतलाच आहे, पण त्याचा करार न्यायाची तत्त्वं निवडण्यासाठी केलेला वैचारिक प्रयोग आहे. राज्यकर्त्याने करार मोडला का, हा आपला प्रश्न त्याच्या करारातून थेट निघत नाही. शेवटच्या चार ओळींत त्याला आणलास तर तो पाहुण्यासारखा दारातच उभा राहील. प्रश्नपत्रिकेत ‘आधुनिक करारवाद’ असं काही लिहिलेलं असेल तरच घे, आणि मग त्याला स्वतंत्र परिच्छेद दे.